चंद्र सुंदर आहे, नाही का?



आज मी तुमच्यापुढे एका निरोपाचं वाचन करणार आहे. निरोप पाच वाक्यांचा आहे, जपानी भाषेत आहे आणि तो मला आलेला नाही. माझ्या भाच्याला आलेला आहे. त्याच्या परवानगीनं मी तो सांगतोय. पाठवणारीचं नाव, गाव, कंपनी यातलं काहीही मी सांगणार नाही, कारण तिनं तो रेडिओसाठी लिहिलेला नव्हता.

भाचा पुण्यात नोकरीला आहे. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. कंपनीचे मालक जपानी, म्हणून साहेबांनी सांगायच्या आधीच यानं जपानीची शिकवणी लावली. त्या भाषेच्या परीक्षेच्या पाच पायऱ्या असतात, खालून वर जायचं. हा तिसऱ्या पायरीपर्यंत पोचला. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये कंपनीनं त्याला पाच महिन्यांसाठी जपानला नागोया शहराकडे पाठवलं. सप्टेंबरात परत आला तो थोडा बारीक होऊन आणि बराच गप्प होऊन. माझी बहीण म्हणाली, तिकडचं खाणं मानवलं नसेल. मी कवी माणूस. मला वेगळा संशय होता, पण बोललो नाही.

६ ऑक्टोबर २०२५, कोजागिरी. बहिणीच्या सोसायटीत दरवर्षी गच्चीवर दूध आटवतात. बदाम सोलायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून मी संध्याकाळीच गेलो होतो. सव्वासहाच्या सुमाराला भाचा जिना चढून वर आला, मला टाकीमागे घेऊन गेला आणि मोबाइल पुढे धरला.

"मामू, हे बघा."

"मला कुठं कळतंय हे?"

"मी वाचतो, तुम्ही ऐका."

त्यानं वाचलेलं मी तुम्हाला आपल्या अक्षरांत सांगतो. भाच्याच्या नावाच्या जागी 'अमुक' म्हणतो. "अमुक-सान, ओत्सुकारेसामा देस. क्यो नो त्सुकी, किरेई देस ने. पुने कारा मो मिएमास का. अमुक-सान गा इनाई तो, चोत्तो साबिशीई देस. माता कोन्दो, गोहान इकिमाशो ने." शेवटी पूर्ण चंद्राचं चित्र आणि एक उड्या मारणारा ससा.

मग त्यानं अर्थ सांगितला. "अमुक, दमला असशील. आजचा चंद्र सुंदर आहे, नाही का? पुण्याहूनही दिसतोय का? तू नाहीस तर मला जरा एकटं एकटं वाटतं. पुन्हा कधीतरी जेवायला जाऊ या हं." तिच्या कार्यालयातली, त्याच विभागातली मुलगी. पाच महिने समोरासमोर बसत होते.

मी बदाम खिशात टाकले. मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मला वाटलं, झालं, पोरगं गेलं. चंद्र आहे, एकटेपणा आहे, दूर देश आहे, आणखी काय पाहिजे? वर भाच्यानं एक गोष्ट सांगितली. जपानमध्ये नात्सुमे सोसेकी नावाचे मोठे कादंबरीकार होऊन गेले. ते आधी इंग्रजी शिकवायचे. एका विद्यार्थ्यानं 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' या इंग्रजी वाक्याचं शब्दशः भाषांतर केलं, तेव्हा सोसेकी म्हणाले म्हणे, जपानी माणूस असं बोलत नाही. 'चंद्र सुंदर आहे' एवढं लिही, पुरे. भाच्याच्या डोळ्यांत ती गोष्ट सांगताना चंद्र आधीच उगवला होता. आकाशात तो जेमतेम वर येत होता. तिकडे साडेतीन तास पुढे, म्हणजे पावणेदहा वाजून गेलेले, आणि चंद्र चांगला डोक्यावर.

त्याच्या मनात त्याच रात्री उलट लिहायचं होतं. काय लिहायचं तेही ठरलेलं. जपानमध्ये आपल्यासारखं नुसतं डोळ्यांनी जमत नाही. तिथं बरेचदा संबंधाची सुरुवात उघड बोलून होते. 'तू मला आवडतेस, माझ्याबरोबर राहशील का' असं सरळ विचारतात. त्याला 'कोकुहाकु' म्हणतात, कबुली. कबुली दिली आणि पलीकडून होकार आला, की त्या दिवसापासून दोघं एकमेकांचे. त्याआधी कितीही वेळा एकत्र जेवले तरी मोजत नाहीत. तर याची कबुली लिहून तयार होती. आणि इकडे पुढच्या रविवारी आपा त्याला घेऊन साताऱ्याला एक मुलगी बघायला जाणार होती. ते आजच रद्द करायचं होतं, आणि ते मी आपाला सांगायचं होतं.

मी एवढंच म्हणालो, "तिनं एक प्रश्न विचारलाय ना, पुण्याहून चंद्र दिसतो का? त्याचं उत्तर आज दे. बाकीचं शनिवारी तुझ्या बाईंना विचारू." त्यानं चंद्राचा फोटो काढला, 'दिसतो' असं लिहिलं, आमच्याकडे आज रात्री दूध पितात हेही लिहिलं आणि पाठवून दिलं. आपाला मी काहीच सांगितलं नाही.

मी थांबलो याचं कारण शहाणपण नव्हतं. कारण माझा जुना अनुभव होता. कॉलेजात असताना आमच्या वर्गातली एक मुलगी वाचनालयाच्या दारात मला म्हणाली होती, "या ना परत." मी त्या तीन शब्दांवर एका महिन्यात चौदा गझला लिहिल्या. नंतर कळलं, ती वाचनालयाच्या शिपायाची बहीण होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला असंच म्हणायची. आम्हा गझलवाल्यांना हा रोगच असतो. उर्दूत 'ईहाम' नावाचा एक अलंकार आहे: एका शब्दाचे दोन अर्थ, जवळचा आणि लांबचा, आणि कवीला अभिप्रेत असतो लांबचा. अठराव्या शतकातल्या दिल्लीच्या शायरांनी त्याचा अतिरेक केला. आम्हाला सवयच लागते, जवळचा अर्थ सोडून लांबचा धरायची. कवितेत ठीक आहे. निरोप वाचताना ही सवय घात करते.

शनिवारी आम्ही बाईंकडे गेलो. पुण्यात जपानी शिकवणाऱ्या बायका-माणसांची एक मोठी परंपरा आहे. या बाई तीसेक वर्षं शिकवतात, मुलं त्यांना सेन्सेई म्हणतात. त्यांनी चष्मा लावला, निरोप वाचला आणि पहिला प्रश्न विचारला तो मला अपेक्षित नव्हता.

"निरोप समारंभाचा तो पुठ्ठा कुठाय?"

जपानमध्ये कुणी कार्यालय सोडून जाताना एका जाड चौकोनी कागदावर सगळे सहकारी चार-चार ओळी लिहून देतात. भाच्यानं तो आणला होता, घरी कपाटात होता. बाई म्हणाल्या, जा, घेऊन ये. तो गाडीवरून गेला आणि अर्ध्या तासात घेऊन आला. तोवर बाईंनी मला चहा दिला आणि एक शब्द शिकवला, तो मला फार आवडला. समोरच्याच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं वाटलं, की जपानी पोरं म्हणतात 'म्याकु-आरी'. म्याकु म्हणजे नाडी. नाडी लागते. आणि काही नसेल तर 'म्याकु-नाशी', नाडी नाही. हकिमासारखं मनगट धरून बसायचं. दुसरा शब्द 'शाकोजिरेई', म्हणजे चारचौघांत बोलायची गोड भाषा. आपल्याकडचं 'या एकदा घरी' किंवा 'अहो, जेवूनच जा'. बोलणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि तरी ते खोटं नसतं. बाहेरच्या माणसाला मात्र ते आमंत्रण वाटतं आणि तो खरोखर ताटावर येऊन बसतो.

बाई म्हणाल्या, या दोन गोष्टी वेगळ्या ओळखणं त्यांनाही सोपं जात नाही. म्हणून तर त्यांनी चॉकलेटला दोन नावं ठेवली. १४ फेब्रुवारीला तिकडे बायका पुरुषांना चॉकलेट देतात. साहेबाला, शेजारच्या टेबलवाल्याला द्यायचं ते 'गिरी', म्हणजे कर्तव्याचं. ज्याच्यावर जीव आहे त्याला द्यायचं ते 'होनमेई', खरं. २०१८ साली एका चॉकलेट कंपनीनंच वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली होती, की कर्तव्याचं चॉकलेट देणं आता बंद करू या, बायकांना त्याचा जाच होतो. बाईंना ही गोष्ट सांगताना मजा वाटत होती.

पुठ्ठा आला. अकरा जणांनी लिहिलं होतं. बाईंनी पेन्सिल घेतली आणि वाचायला लागल्या. अकरांपैकी चौघांनी एकच वाक्य लिहिलं होतं: 'साबिशीकु नारिमास', म्हणजे आता सुनं सुनं होईल. त्या चौघांत ती मुलगी होती. आणि विभागाचे प्रमुखही होते, वय अठ्ठावन्न, दोन नातवंडं. बाई म्हणाल्या, "आता सांग, तुझ्या साहेबांचंही प्रेम आहे का?"

भाचा हसला नाही. मी हसलो.

मग बाईंनी निरोप ओळीओळीनं घेतला. पहिलं 'ओत्सुकारेसामा'. काम करणाऱ्या कुणालाही, दिवसातून दहादा म्हणतात. त्याचं वजन शून्य. शेवटचं 'माता कोन्दो', पुन्हा कधीतरी. यात तारीख नाही, जागा नाही, प्रश्न नाही. जेवायला जाऊ या, पण सहा हजार किलोमीटरवर बसलेल्या माणसाबरोबर कधी? हे आपल्या 'या एकदा घरी'चं सख्खं भावंड. त्याचंही वजन शून्य, म्हणजे वाईट नव्हे, फक्त शून्य.

"आणि चंद्र?" मीच विचारलं. चंद्र सोडायला माझं मन तयार नव्हतं.

बाई म्हणाल्या, सोसेकींची ती गोष्ट जपानमध्ये पुष्कळांना ठाऊक आहे, पण सोसेकींच्या लिखाणात ती कुठेच सापडत नाही. ते १९१६ साली वारले. गोष्ट छापून यायला लागली ती त्यानंतर कित्येक दशकांनी. तरी दंतकथेलाही अर्थ येतो, लोक तिचा वापर करतात. एखाद्या तरुणानं एरवीच्या रात्री, कारण नसताना चंद्र सुंदर आहे असं लिहिलं, तर पलीकडची क्षणभर थबकेल. पण ६ ऑक्टोबरची रात्र कोणती होती? जपानी लोकांच्या जुन्या पंचांगातली शरदातली पौर्णिमा. त्या रात्री तिथं चंद्र बघायचा सणच असतो. फुलदाणीत गवताचे तुरे लावतात, तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे रचून ठेवतात. बर्गरच्या दुकानांत त्या दिवसांत अंडं घातलेला खास चंद्राचा बर्गर मिळतो. चंद्रावर ससा दिसतो असं ते आपल्यासारखंच मानतात, म्हणून तो ससा. त्या वर्षी त्यांची ती रात्र आणि आपली कोजागिरी एकाच तारखेला आली, एरवी दरवर्षी तसं होतं असं नाही. त्या रात्री चंद्र सुंदर आहे असं अख्खा देश एकमेकांना लिहीत होता. आपल्याकडे संक्रांतीला 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला' म्हणणाऱ्या मुलीनं काही सुचवलं असं आपण धरतो का?

मला हे पटलं, आणि थोडं वाईटही वाटलं. शब्दाचं वजन शब्दात नसतं, तो कोणत्या दिवशी आला त्यावर असतं. हे मला कवितेत माहीत होतं, पण चंद्र आला की मी विसरतो.

उरली दोन वाक्यं. 'तू नाहीस तर मला एकटं वाटतं' यावर बाईंनी पेन्सिल ठेवली आणि भाच्याला विचारलं, "यातलं 'मला' कुठाय? दाखव."

भाच्यानं पुन्हा वाचलं. नव्हतं. जपानीत कर्ता सांगायची सक्ती नसते. बोलणाऱ्याला वाटलं तर सांगतो, नाहीतर गाळतो. 'अमुक-सान नाहीत तर जरा सुनं वाटतं', एवढंच ते वाक्य. कुणाला सुनं वाटतं? तिला? की त्या विभागाला, त्या खोलीला, दुपारच्या डब्याच्या टेबलाला? वाक्य सांगत नाही. 'मला' हा शब्द भाच्यानं स्वतःच्या खिशातून घातला होता. शब्दकोशात 'साबिशीई'पुढे 'एकाकी' असं असतं, आणि एकाकी म्हटलं की आपण 'मी' शोधायला लागतो. खरं तर आपली मराठीही हे करते. 'तू गेल्यापासून घर कसं सुनं सुनं वाटतंय' यात कोणाला ते आपण तरी कुठे सांगतो? आजीही म्हणते, शेजारीणही म्हणते, आणि आणखी कुणी म्हणायचं असेल तर तीही हेच म्हणते. जपानीतून थेट मराठीत आणलं असतं तर त्याची फसगत झाली नसती. तो मनातल्या मनात इंग्रजीवरून फिरून आला, तिथे कर्ता भरावाच लागतो.

पण बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत, आणि इथे मला त्यांचा न्यायीपणा दिसला. त्या म्हणाल्या, पुठ्ठ्यावरचं वाक्य निरोपाच्या दिवसाचं आहे, तो रिवाज. हे तीन आठवड्यांनी आलेलं आहे. आता रिवाजाची गरज नव्हती. शिवाय आधीचं 'होईल' होतं, आता 'वाटतं' आहे. म्हणून याला शून्य देता येणार नाही. अर्धा गुण देते. आणि 'पुण्याहूनही दिसतो का' हा खरा प्रश्न आहे. तो सगळ्यांना पाठवता येत नाही, फक्त पुण्यातल्या माणसाला पाठवता येतो. तिनं चंद्र बघितला तेव्हा तिला पुणं आठवलं. त्याला एक गुण.

"म्हणजे दीड," भाचा म्हणाला.

"दीड. मैत्रिणीलाही दीड मिळतो."

मग भाच्यानं आपल्या बाजूचे पुरावे काढायला सुरुवात केली. ती त्याला आडनावानं नव्हे, पहिल्या नावानं हाक मारते. बाई म्हणाल्या, परदेशी माणसाला तिथं पहिल्या दिवसापासून सगळेच नावानं हाक मारतात, पुढे 'सान' लावून. तुझं आडनाव त्यांच्या जिभेवर बसत नाही. ती उत्तर लगेच देते. बाई म्हणाल्या, त्यांच्या निरोपाच्या अ‍ॅपवर वाचल्याची खूण उमटते, आणि वाचून उत्तर न देणं तिथं उद्धटपणा समजतात, त्याला खास शब्दही आहे. तेव्हा लगेच येणारं उत्तर ही सभ्यता.

उलट बाजूचा पुरावाही असाच निसटता निघाला. जपानीत दोन माणसं जवळ आली की वाक्याच्या शेवटचं आदराचं 'देस', 'मास' गळून पडतं, जसं आपण 'तुम्ही'वरून 'तू'वर येतो. तिनं ते शेवटपर्यंत ठेवलं होतं. मी म्हणालो, मग संपलंच की. बाई म्हणाल्या, नाही. शिकणाऱ्या परदेशी माणसाशी पुष्कळ जण मुद्दाम 'देस-मास'च ठेवतात, कारण पुस्तकात तेच असतं, त्याला ते सोपं जातं. जपानी मुलाशी बोलताना हा पुरावा धरला असता. याच्या बाबतीत नाही.

शेवटी भाच्यानं सगळ्यात मोठा पुरावा काढला. आवाज जरा खाली आणून म्हणाला, "सेन्सेई, मी काय खातो ते तिनं कधी विसरलं नाही." तिकडे पुष्कळ पदार्थांत 'मिरिन' नावाचं तांदळाचं गोडसर मद्य घालतात, रश्शात, सॉसमध्ये. बघून कळत नाही. पहिल्याच आठवड्यात तिला ते कळलं, आणि नंतर विभाग कुठंही जेवायला गेला तरी ती आधी दुकानात फोन करून विचारायची. पाच महिने. भाचा म्हणाला, एवढं कोण करतं?

बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "चांगली माणसं करतात. तुझ्या जागी तिथं कुणी अ‍ॅलर्जीचा माणूस असता तरी तिनं केलं असतं का, हे तू बघितलंयस का?" भाच्यानं आठवलं. विभागात एका बाईंना शेवया चालत नसत, कसल्या धान्याच्या त्या. त्यांच्यासाठीही तीच फोन करायची.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. खरं सांगू? मला तिथे ती मुलगी पहिल्यांदा दिसली. तोवर ती निरोपाच्या मागे होती.

आता करायचं काय? बाईंचं म्हणणं असं, की वाचून जेवढं निघतं तेवढं काढलं. यापुढे शब्द उकलत बसलात तर तुमचंच मन त्यात दिसायला लागेल. पण कबुलीही लिहायची नाही. कारण दर मंगळवारी दोन्ही कार्यालयांची पडद्यावर बैठक असते, आणि त्यात ती असते. नको असलेली कबुली आली तर तिला नकार द्यावा लागेल आणि पुन्हा मंगळवारी समोर बसावं लागेल. तिला उठून जाता येणार नाही. तेव्हा असं काही विचारायचं, की त्याला नाही म्हणणं तिला सोपं जाईल, आणि तिच्या मनात काही असेल तर ते दाखवायलाही जागा राहील.

डिसेंबरात भाच्याला आठवडाभर नागोयाला जायचंच होतं. बाईंनी सांगितलं, तारीख घाल. १३ डिसेंबर, शनिवार, संध्याकाळी जेवायला जमेल का, एवढंच विचार. किती जणांनी ते लिहू नकोस. मग उत्तरात तीन गोष्टी बघ. ती म्हणाली, 'त्या दिवशी जरा...' आणि वाक्य अर्धवट सोडलं, तर तो नकार. जपानी माणूस 'नाही' शब्द क्वचित उच्चारतो, वाक्य अर्धं सोडतो. पण पाठोपाठ तिनं 'रविवारी चालेल का' असा दुसरा दिवस सुचवला, तर नाडी आहे असं धर. नकोशा माणसाला कुणी दुसरा दिवस देत नाही. आणि ती हो म्हणाली, तर दोन शब्दांपैकी कुठला येतो ते बघ. 'फुतारी', म्हणजे दोघं. किंवा 'मिन्ना', म्हणजे सगळे.

भाच्यानं तिथंच बसून लिहिलं. बाईंनी एक प्रत्यय दुरुस्त केला. साताऱ्याचं मी आपाला एवढंच सांगितलं, की पोराला ऑफिसात जड चाललंय, पंधरा दिवस पुढे ढकल. आपानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की तिला सगळं कळलं असावं, पण बोलली नाही.

सोमवारी दुपारी मला फोन आला. मी भाजी घेत होतो.

"मामू, मिन्ना आलं."

मी पिशवी खाली ठेवली. त्यानं वाचून दाखवलं: तेरा तारीख चालेल! मी मिन्नाला सांगते, सगळ्यांना आनंद होईल. पुढे, दुकान मी बघते, मिरिनचं विचारून ठेवते. आणि पुन्हा तो ससा.

"वाईट वाटलं का रे?" मी विचारलं.

"वाटलं," तो म्हणाला. "पण मामू, मी कबुली पाठवली असती तर आत्ता हा ससा आला नसता."

डिसेंबरात तो गेला. वर्षाअखेर तिकडे बऱ्याच कार्यालयांची एक मेजवानी असते, सरतं वर्ष विसरून जाण्यासाठी. यांनी तीच त्या शनिवारी ठेवली. नऊ जण होते, साहेबही आले होते. त्यांनी म्हणे भाच्याला मिठी मारायचा प्रयत्न केला आणि मध्येच लाजून हात मिळवला. फोटो मी पाहिला. ती मुलगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आहे, हातात मेनूचा कागद, त्यावर पेननं तीन पदार्थांपुढे गोल केलेले आहेत.

भाच्यानं मला विचारलं, यावर तुम्ही काही लिहिणार का? मी म्हणालो, गझल नाही लिहिणार. साताऱ्याला आम्ही जानेवारीत जाऊन आलो. त्या मुलीनं चहा देताना याला काहीतरी विचारलं, आणि परतताना गाडीत हा मला म्हणतो, "मामू, 'पुन्हा कधी पुण्याला आलो तर भेटू' असं म्हणाली ती. याचा अर्थ काय धरायचा?"

मी म्हणालो, "तारीख सांगितली का?"